हातामागून धावणारं चित्र

जून २०१९ मध्ये सॅन होजे इथल्या वार्षिक परिषदेत ॲपलने ‘साइडकार’ची घोषणा केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मॅकओएस कॅटालिनाबरोबर, ते लोकांच्या टेबलावर आलं. शेजारी ठेवलेला आयपॅड मॅकचा दुसरा पडदा होतो, आणि तोही तारेशिवाय. कल्पना म्हणाल तर जुनीच होती. ‘ड्युएट डिस्प्ले’ २०१४ पासून तारेने हेच करत होतं. विंडोज आणि अँड्रॉइडच्या जगात ‘मिराकास्ट’ नावाचं बिनतारी प्रमाण २०१२ पासून होतं. तरी साइडकार मला पुन्हा पुन्हा बारकाईने पाहावंसं वाटतं. त्यात काय करता येतं यापेक्षा काय करू दिलेलं नाही, ते जास्त बोलकं आहे. प्रत्येक नकारामागे काही मिलिसेकंदांचा हिशोब आहे, आणि तो हिशोब कळला की कोणताही टॅबलेट, कोणतंही ॲप घेऊन हे काम करणाऱ्याला आपल्या पडद्याची मर्यादा नेमकी कुठे आहे ते समजतं.

त्यासाठी एकच कृती घेऊ. लॅपटॉपवर उघडलेली एक खिडकी माउसने पकडायची आणि उजवीकडे ओढत टॅबलेटवर नेऊन सोडायची. जेमतेम दोन सेकंदांचं काम. पण खिडकी सीमारेषा ओलांडून टॅबलेटवर गेली की तिचा स्वभाव बदलतो. लॅपटॉपवर ती हाताला चिकटलेली होती, टॅबलेटवर ती हातामागून येते. हा फरक काहींना जाणवतो, काहींना फक्त ‘काहीतरी जड वाटतंय’ इतकंच कळतं. हे जडपण कशाचं बनलेलं आहे?

पहिली गोष्ट म्हणजे टॅबलेटला खिडकी म्हणून काही मिळतच नाही. खिडकी लॅपटॉपमध्येच असते. लॅपटॉप मनातल्या मनात एक जास्तीचा पडदा धरतो, त्यावर चित्र काढतो आणि त्या चित्राचा चलच्चित्रपट करून टॅबलेटला पाठवत राहतो. २०१९ च्या १०.२ इंची आयपॅडवर २१६० गुणिले १६२० ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर सेकंदाला सुमारे ५०० कोटी बिट होतात. घरातल्या चांगल्या वायफायवर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ६० कोटी बिट गेले तरी आपण खूश असतो. म्हणजे चित्र आहे तसं पाठवणं शक्यच नाही. ते दाबून, आवळून, दोन-तीन कोटी बिटांत बसवावं लागतं.

दाबण्याचं हे काम साइडकार एचईव्हीसी या पद्धतीने करतं, आणि इथेच पहिला नकार आहे. साइडकार चालणाऱ्या मॅकची यादी पाहिली तर ती साधारण इंटेलच्या ‘स्कायलेक’ पिढीपासून सुरू होते. त्याआधीचे मॅक, अगदी धडधाकट असले तरी, बाहेर ठेवले गेले. तेव्हा पुष्कळ लोक चिडले होते. पण स्कायलेकमध्ये एचईव्हीसी चित्र दाबण्यासाठी चिपवर वेगळी यंत्रणा आली. तिच्याशिवाय हे काम प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांवर करावं लागलं असतं. मग पंखा घोंघावला असता, बॅटरी उतरली असती आणि मुख्य म्हणजे एकेका चित्रामागे लागणारा वेळ वाढला असता. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे प्रत्येकाला १६.७ मिलिसेकंद. त्याच्या आत चित्र दाबून झालं नाही तर पुढचं चित्र दारात उभं असतं. ती यादी आखणाऱ्यांनी सौजन्यापेक्षा वेळेला महत्त्व दिलं, आणि मला ते पटतं.

आता एक शंका येईल. याच टॅबलेटवर, याच वायफायवर, सातासमुद्रापलीकडून येणारा चित्रपट लोण्यासारखा सरकतो. मग चार फुटांवरच्या लॅपटॉपचं चित्र का अडखळावं?

कारण चित्रपटाचं पुढचं दृश्य आधीच तयार आहे. ते आगाऊ मागवून ठेवता येतं. दहा-वीस सेकंदांचा साठा हाताशी असला की वाटेत वायफाय अर्धा सेकंद रुसलं तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. दाबण्याच्या पद्धतीलाही मोकळीक मिळते. मागचं चित्र आणि पुढचं चित्र अशी दोन्ही पाहून मधलं कमीत कमी बिटांत सांगता येतं. दुसऱ्या पडद्याला हे दोन्ही दरवाजे बंद आहेत. खिडकी पुढच्या क्षणी कुठे असेल ते अजून कुठेच लिहिलेलं नाही. ते माझ्या मनगटात आहे. पुढचं चित्र पाहून मधलं सांगायचं तर पुढच्या चित्राची वाट पाहावी लागेल, आणि वाट पाहणं म्हणजेच विलंब. साठा करायचा तर जितका साठा तितका उशीर. बिनतारी पडद्याच्या सगळ्या अडचणींचं मूळ मला या एका वस्तुस्थितीत दिसतं. वायफाय कितीही वेगवान झालं तरी ही वस्तुस्थिती बदलत नाही.

विंडोजच्या एका छोट्या पर्यायात हे अगदी उघडपणे दिसतं. `Win + K` दाबून दुसऱ्या विंडोज संगणकाला बिनतारी पडदा म्हणून जोडलं की खेळ, काम आणि व्हिडिओ पाहणं अशा तीन प्रकारांतून निवड करता येते. खेळासाठी विलंब सर्वांत कमी ठेवतात. व्हिडिओसाठी तो मुद्दाम वाढवतात, म्हणजे चित्र न तुटता सरकावं. काम या दोहोंच्या मध्ये. एकाच यंत्रणेतली ही तीन उत्तरं आहेत आणि फरक फक्त साठा किती ठेवायचा याचा आहे.

परत आपल्या खिडकीकडे येऊ. हात हलला. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, म्हणजे तिथेच आठ मिलिसेकंदांपर्यंत गेले. ॲपने आणि मॅकने नवं चित्र जुळवायला एक-दोन फ्रेम, म्हणजे १६ ते ३३. दाबायला पाच-दहा. हवेतून जायला, सारं सुरळीत असेल तर, पाचच्या आसपास. टॅबलेटवर उलगडायला पुन्हा पाच-दहा. आणि मग टॅबलेटचा पडदा स्वतःच्या ठोक्यावर रंगतो. त्याचा पुढचा ठोका येईपर्यंत सरासरी आठ मिलिसेकंद थांबायचं. हे माझे ढोबळ आकडे आहेत, पण बेरीज ४५ ते ७५ च्या घरात जाते आणि ती प्रत्यक्ष अनुभवाशी जुळते. यातला पहिला भाग लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यालाही चुकत नाही, हे विसरू नये. बिनतारी असण्याची किंमत म्हणजे त्यावरचे २५ ते ३५ मिलिसेकंद.

या बेरजेत हवेचा वाटा लहान दिसतो, आणि शांत वेळी तो खरोखरच लहान असतो. पण बाकीचे सगळे आकडे जवळपास स्थिर आहेत आणि हवेचा आकडा लहरी आहे. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा, दुसरा बोलत असेल तर थांबायचं, दोघे एकदम बोलले तर दोघांनीही पुन्हा प्रयत्न करायचा. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या इमारतीत रात्री नऊला वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांची नावं पडदाभर दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच आहेत. त्या गर्दीत आपल्या चित्राला जागा मिळेपर्यंत कधी पाच मिलिसेकंद जातात, कधी पन्नास.

आणि एक चित्र म्हणजे एक पाकीट नव्हे. सेकंदाला दोन कोटी बिट पाठवत असू तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे ४२ हजार बाइट येतात. त्यांची साधारण तीस पाकिटं होतात. तिसावं पाकीट पोचेपर्यंत बाकीच्या एकोणतिसांचा उपयोग नाही. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही, तसं हे. सेकंदाला १८०० पाकिटं जात असतील आणि हजारातलं एकच रेंगाळत असेल, तर ते प्रमाण नगण्य वाटेल. पण अशी रेंगाळणारी पाकिटं विखुरलेली असतील तर सेकंदाला एक-दोन चित्रं उशिरा येतील. ओढलेली खिडकी मधूनच ठेचकाळते, ती याच कारणाने. म्हणूनच वायफायच्या वेगाची चाचणी इथे काहीच सांगत नाही. ती सरासरी मोजते आणि आपलं सुख-दुःख सर्वांत मागे राहिलेल्या पाकिटावर अवलंबून असतं.

त्या पाकिटाचा माग काढायचा तर टॅबलेटचा पत्ता वायफायच्या सेटिंगमध्ये पाहून मॅकच्या टर्मिनलमध्ये हे लिहावं. पत्ता अर्थात आपापला:

```
ping -c 200 -i 0.2 192.168.1.23
```

शेवटी येणाऱ्या ओळीत किमान, सरासरी, कमाल आणि विचलन असे चार आकडे असतात. सरासरी ४ आणि कमाल १२० असेल तर चार हा आकडा विसरून जावा. मात्र ही चाचणी दुसरा पडदा चालू असतानाच करायची. टॅबलेट नुसता पडून असेल तर तो बॅटरी वाचवण्यासाठी रेडिओ झोपवतो आणि राउटरच्या हाकेला जागा होतो. ती हाक बहुतेक राउटरवर दर १०२.४ मिलिसेकंदांनी येते. त्यामुळे रिकाम्या टॅबलेटकडून येणारे शंभरच्या आसपासचे आकडे गर्दीचे नसून झोपेचेही असू शकतात.

दोन यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात की राउटरमार्फत, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ‘स्पेसडेस्क’सारखं ॲप घरच्या नेटवर्कवरून जातं. लॅपटॉप आणि टॅबलेट दोन्ही वायफायवर असतील तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जातं, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, तेही एकाच चॅनलवर. लॅपटॉप तारेने राउटरला जोडला की यातली एक फेरी वाचते. फुकटात मिळणारी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे. मिराकास्ट दोन यंत्रांना थेट जोडतं. ॲपलची यंत्रंही आपसांत थेट बोलण्यासाठी एक खासगी पद्धत वापरतात. जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ती उलगडून दाखवली. त्यातली यंत्रं ६, ४४ आणि १४९ या ठरावीक चॅनलवर भेटतात. घरचा राउटर तिसऱ्याच चॅनलवर असेल तर मॅकच्या एकाच रेडिओला राउटर आणि आयपॅड यांच्यात उड्या माराव्या लागतात, आणि प्रत्येक उडीत काहीतरी थांबतं. राउटर हाताने ४४ किंवा १४९ वर ठेवला की ही धावपळ कमी होते. कारण माहीत नसताना हा उपाय तोडग्यासारखा वाटतो.

आता प्रश्न हाताचा. ५० मिलिसेकंदांचा उशीर माणसाला कळतो तरी का? १९९३ मध्ये स्कॉट मॅकेंझी आणि कॉलिन वेअर यांनी माउसच्या हालचालीत मुद्दाम विलंब घालून लोकांना पडद्यावरच्या लक्ष्यावर कर्सर न्यायला लावला. २२५ मिलिसेकंद विलंबाला प्रत्येक हालचालीला सुमारे ६४ टक्के जास्त वेळ लागला आणि चुका तिपटीच्या वर गेल्या. ७५ मिलिसेकंदांनाही परिणाम मोजता येण्याजोगा होता. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की लक्ष्य जितकं लहान, तितकं नुकसान जास्त. मोठं बटण दाबताना विलंब माफ होतो. दोन अक्षरांच्या मध्ये कर्सर नेमका ठेवताना तो माफ होत नाही. म्हणून टॅबलेटवर शब्दकोश, मूळ संहितेची पीडीएफ किंवा पत्रव्यवहार ठेवून लॅपटॉपवर लिहिणाऱ्याला या पडद्याबद्दल कसलीच तक्रार नसते, आणि त्याच पडद्यावर मजकूर निवडून कापाकापी करणारा तासाभरात वैतागतो. दोघांचा पडदा एकच, विलंब एकच.

माउसच्या बाबतीत आणखी एक दिलासा आहे. हात टेबलावर असतो आणि कर्सर पडद्यावर. दोन्ही एका जागी नसल्याने अंतर दिसत नाही, फक्त जडपणा जाणवतो. बोट किंवा पेन्सिल पडद्यावरच असते. तिथे विलंबाला लांबी मिळते. पेन्सिल सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने चालली आणि रेघ ६० मिलिसेकंद मागे राहिली, तर टोक आणि रेघ यांच्यात बारा मिलिमीटरची फट पडते. ती डोळ्यांसमोर असते, तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

साइडकारमधला माझा सर्वांत आवडता नकार इथे आहे. आयपॅड मुळात बोटासाठी बनलेला. तरी साइडकार आलं तेव्हा बोटाने मॅकवर क्लिक करता येत नव्हतं. बोटांना दिलं गेलं ते दोन बोटांनी मजकूर सरकवणं आणि कॉपी-पेस्टचे काही इशारे. लोकांनी याला आखडता हात म्हटलं. ॲपलने कारण काय धरलं होतं ते मी सांगू शकत नाही, पण विलंबाच्या नजरेने वाचलं तर ही निवड फार समजूतदार दिसते. मजकूर सरकवताना बोटाखाली नेमकं कोणतं अक्षर आहे याची कुणी फिकीर करत नाही, तिथे थोडा उशीर पचतो. मॅकच्या चिमुकल्या बटणांवर जाड बोट ठेवून उत्तराची वाट पाहणं मात्र पचलं नसतं.

मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ आणि आयपॅडओएस १५.४ बरोबर ‘युनिव्हर्सल कंट्रोल’ आलं. वरवर पाहता दृश्य तेच: शेजारी आयपॅड, मॅकचा माउस सरकत त्यावर जातो. पण इथे कर्सर आयपॅड स्वतः काढतो. हवेतून चित्र जात नाही, माउस किती सरकला एवढंच जातं, म्हणजे काही बाइट. दाबणं नाही, उलगडणं नाही, तीस पाकिटांची वाट पाहणं नाही. कर्सर हाताला जवळपास चिकटून राहतो. किंमत अशी की आयपॅडवर आयपॅडचीच ॲप चालतात, मॅकची खिडकी तिथे नेता येत नाही. दोन्ही सोयी एकामागोमाग वापरून पाहाव्यात. वायफाय तेच, यंत्रं तीच, आणि तरी हाताला लागणारा फरक इतका स्पष्ट असतो की विलंबातला मोठा भाग चित्र बनवण्या-उलगडण्यात आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

ज्याला आकडा हवा आहे त्याने टॅबलेट ‘तेच चित्र’ या पद्धतीने जोडावा, म्हणजे दोन्हीकडे एकच दिसेल. दोन्ही पडदे शेजारी ठेवून, फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये, एखादी खिडकी झटक्यात हलवताना चित्रण करावं. लॅपटॉपवर खिडकी हलल्यापासून टॅबलेटवर हलेपर्यंत फ्रेम मोजाव्यात. प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. समजा अकरा भरल्या, तर ४६ मिलिसेकंद. हा एकूण विलंब नव्हे, लॅपटॉपच्या पडद्याच्या मागे टॅबलेट किती आहे तेवढाच. एका मोजणीवर विसंबू नये, कारण पडद्याच्या ठोक्यामुळे आकडा सोळाएक मिलिसेकंद इकडेतिकडे होतो. मग तोच प्रयोग तार लावून करावा. साइडकार तारेवरही चित्र दाबूनच पाठवतं, म्हणून आकडा शून्यावर येणार नाही. पण तारेवर ठेचकाळणं थांबलं आणि जडपणा उरला, तर ठेचकाळणं हवेचं होतं आणि जडपणा यंत्रणेचा. पहिल्यावर चॅनल बदलून, राउटर जवळ आणून उपाय होतो. दुसऱ्यावर घरबसल्या उपाय नाही. हालचालीत अक्षरं फुटून चौकोन दिसत असतील तर ते तिसरंच दुखणं आहे, बिट कमी पडताहेत. आणि गडद पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं स्थिर असतानाही कडांना पुसट दिसली, तर दोष बहुधा वायफायचा नाही. बिट वाचवण्यासाठी असे बरेच प्रवाह रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी ठिपक्यांसाठी पाठवतात.

पेन्सिलचं मात्र शिल्लक राहतं. आयपॅडच्या स्वतःच्या ॲपमध्ये पेन्सिलचा विलंब, ॲपलच्या सांगण्यानुसार, त्याच २०१९ साली २० वरून ९ मिलिसेकंदांवर आला. त्यात रेघ पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधण्याचाही वाटा आहे. साइडकारवर मॅकच्या ॲपमध्ये तीच पेन्सिल टेकवली की गोष्ट बदलते. टोकाची जागा आधी मॅककडे जाते, मॅक रेघ काढतो, चित्र दाबतो, परत पाठवतो. रेघ जाऊन येईपर्यंत टोक पुढे निघून गेलेलं असतं. मराठी मजकुराची प्रुफं तपासताना हे फार जाणवतं. रफाराचा एक लहान फराटा किंवा वेलांटीची दुरुस्ती जोडाक्षराच्या डोक्यावर नेमकी बसवायची असते, आणि रेघ दिसेपर्यंत हात थांबत नाही.

कॅटालिनानेच यासाठी वेगळी वाट काढून ठेवली होती, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मॅकवर पीडीएफ निवडून खुणा करण्याची आज्ञा दिली की ती पीडीएफ दुसऱ्या पडद्यावरचं चित्र म्हणून न जाता आयपॅडवर खरोखरच उघडते. रेघ आयपॅड काढतो, पेन्सिलच्या टोकाखाली, आणि केलेली खूण मागाहून मॅकवर उमटते. ती तिथे अर्ध्या सेकंदाने पोचली तरी काही बिघडत नाही, कारण त्या वेळी डोळे मॅककडे नसतात. प्रुफं तपासायची असतील तेव्हा मी साइडकार बंद करून याच वाटेने जातो, आणि झाल्यावर शब्दकोश पुन्हा आयपॅडवर सरकवतो.